मदत हवी आहे : एनक्लेक्समध्ये थोडक्यात हुकलेल्या सिस्टरला काय लिहावे?

नमस्कार. सोलापुरात माझ्या हाताखाली तयार झालेली एक सिस्टर अमेरिकेच्या एनक्लेक्स-आरएन परीक्षेत थोडक्यात अनुत्तीर्ण झाली. तिची परीक्षा पूर्ण १५० प्रश्नांपर्यंत चालली, म्हणजे ती उत्तीर्णतेच्या रेषेजवळच होती, हे मी तिच्यासाठीच्या ईमेलमध्ये सुरुवातीलाच लिहिले आहे. निकालासोबतचा अहवाल विषयवार पातळी सांगतो, चुकलेले प्रश्न दाखवत नाही. म्हणून आम्ही तिच्या सराव चाचण्या तपासल्या. एका प्रश्नात थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर श्वास आत घेताना कर्कश आवाज येणाऱ्या रुग्णाला मागे ठेवून, गुडघ्याच्या वेदनेने विव्हळणाऱ्या रुग्णाकडे आधी जाणे तिने निवडले होते. श्वासमार्ग आधी, हे तिला पाठ आहे. पण हाक मारणाऱ्याकडे आधी धावण्याची वॉर्डातली सवय, जी आम्हीच लावली, उत्तरात उतरली.

प्रत्येक चुकीपुढे ‘माहीत नव्हते’, ‘नीट वाचले नाही’ किंवा ‘क्रम चुकला’ असा शेरा लिहायला मी सुचवत आहे. पुढच्या प्रयत्नापूर्वी किमान ४५ दिवस जावे लागतात. बहुतेक शेरे ‘क्रम चुकला’ असेच आले, तर पुस्तके बाजूला ठेवून केवळ प्राधान्यक्रमाचेच प्रश्न सोडवायला सांगावे का? ही परीक्षा दिलेल्यांनी कृपया अनुभव कळवावा.