फक्त नँड वापरून एक्सऑर जमत नाहीये, शेवटची ओळ चुकतेय, मदत हवी

निशिगंध_९
परवा प्रॅक्टिकल आहे आणि फक्त नँड गेट वापरून एक्सऑर करून दाखवायचाय. सर्किट चार वेळा उचकटून परत लावलं तरी तेच. ०-० ला एलईडी बंद, ०-१ ला चालू, १-० ला चालू, इथपर्यंत बरोबर, पण १-१ ला बंद व्हायला पाहिजे तर तिथेही चालूच. आयसी बदलून झाली. काय चुकतंय लवकर सांगा प्लीज.

अजिंक्य०७
७४८६ घे, एकाच चिपमध्ये चार एक्सऑर मिळतात. पाच मिनिटांचं काम.

निशिगंध_९
अहो वर लिहिलंय, फक्त नँड!

रेडिओकाका
आयसी कुठली ते लिहिलंच नाहीस. इनपुटला काय लावलंयस? मधल्या पिनांवर मीटर लावून पाहिलास का?

निशिगंध_९
७४एलएस००. १४ ला ५ व्होल्ट, ७ ग्राउंड. स्विच नाहीयेत, वायरच कधी ५ ला कधी ग्राउंडला लावते. मीटर आहे पण मोजलं नाही. जोडणी ही अशी, ए १ आणि ४ ला, बी २ आणि १० ला:

```
N1 = NAND(A, B)     1,2   -> 3
N2 = NAND(A, N1)    4,5   -> 6
N3 = NAND(B, N1)    10,9  -> 8
Y  = NAND(N2, N3)   12,13 -> 11
```

प्रवीण_डिप्लोमा
चार नँडनी होणारच नाही, पाच लागतात. ए उलटा करायला एक, बी उलटा करायला एक, मग दोन आणि शेवटचा एक. आम्ही जर्नलमध्ये असंच काढलंय. शिवाय तू ८ नंबरला आउटपुट धरलंयस, तिथे ८ आणि ९ इनपुट असतात आणि १० आउटपुट.

मीनल_ठाणे
ते ४०११ मध्ये! ७४०० ला ८ हेच आउटपुट. माझे यात दोन दिवस गेले होते, ४०११ चं चित्र बघून ७४०० लावत होते. आणि माझी एचसी होती, एक इनपुट मोकळं राहिलेलं, तर नुसता हात जवळ नेला की एलईडी फडफडायचा. तुझा फडफडतो का?

निशिगंध_९
नाही, अगदी स्थिर चालू.

सह्याद्री_भटक्या
माझ्या पेनड्राइव्हमधली नँड चिप गेलीये, त्यातले फोटो कसे काढता येतील?

रेडिओकाका
भटक्या, ती वेगळी गोष्ट, वेगळा धागा काढ.
निशिगंध, तुझ्या चारही ओळी परत वाच: ०, १, १, १. हे ऑरचं टेबल आहे. म्हणजे सर्किट नुसतं बिघडलेलं नाही, ते नीट ऑर झालंय, आणि चूक कुठे आहे ते त्यावरूनच कळतं. एन१ कायम १ आहे असं धर. मग दुसरा गेट नुसता ए उलटा करतो, तिसरा नुसता बी उलटा करतो, आणि शेवटचा त्या दोघांचा नँड म्हणजे ऑर. पहिल्या तीन ओळींत एन१ खरंच १ असतो, त्यामुळे तिथे काही कळत नाही. तो ० होतो फक्त १-१ ला, आणि ते शून्य पुढे पोचत नाहीये. एलएसचं मोकळं इनपुट स्वतःला १ च समजतं, म्हणून एलईडी स्थिर.
आता दोन्ही इनपुट ५ ला ठेव. मीटरची काळी पिन ग्राउंडला, लाल आधी ३ वर, मग ५ आणि ९ वर, थेट आयसीच्या पायांवरच टेकव. ३ वर अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. ५ वर ना धड शून्य ना धड तीन, एक-दीडच्या आसपास दिसलं तर ती पिन हवेत आहे.

निशिगंध_९
काका!! ३ वर ०.१८, ५ वर १.३, ९ वर पण १.३. ३ वरून एक वायर रिकाम्या ओळीत नेली होती आणि तिथून ५ आणि ९ ला दोन फाटे. पहिल्या वायरचं प्लास्टिक कमी सोललेलं, भोकात प्लास्टिकच जाऊन बसत होतं. दर वेळी तीच वायर परत वापरली. सोलून लावली, आता १-१ ला बंद होतोय. फक्त एलईडी खूप मंद वाटतो.

मीनल_ठाणे
रेझिस्टर केवढा लावलायस?

रेडिओकाका
११ मधून एलईडीतून ग्राउंडला लावला असशील. एलएस वरच्या बाजूने करंट फार कमी देते. दिसतोय तेवढा चालेल.

प्रवीण_डिप्लोमा
पण जर्नलला पाचच आहेत. चारचं दाखवलं तर एक्स्टर्नल विचारणार.

रेडिओकाका
तुझे पाचही बरोबर, पण त्याला दुसरी चिप लागेल, एकीत चारच गेट असतात. दुसरी घ्यायचीच तर पाचव्या गेटने एन१ उलटा कर, कॅरी मिळेल, हाफ अॅडर झाला.

प्रवीण_डिप्लोमा
तरी उलट्या ए-बीचं समजावायला सोपं पडतं असं माझं मत.

निशिगंध_९
आमच्या मॅडमनी एकच चिप दिलीये. ३३० चा रेझिस्टर आहे मीनल. बदलून पाहू का?