मदत हवी आहे: सेन्सर खरंच बंद पडलाय की नुसते संदेश हुकताहेत, हे शेवटच्या संदेशाची वेळ आणि बॅटरीवरून कसं ओळखायचं?

शिवारफेरी

शेतात जमिनीचा ओलावा मोजणारे २४ नोड बसवलेत. लोरावॅनवर चालतात, गेटवे दोन आहेत. प्रत्येक नोड दर ३० मिनिटांनी संदेश पाठवतो, पोच मागत नाही. आलेला प्रत्येक संदेश पोस्टग्रेसमध्ये `uplinks` टेबलात जातो. त्यात `node_id`, `received_at`, `vbat` आणि `f_cnt` आहेत. १८ नोड सौर पॅनेल आणि एका १८६५० सेलवर आहेत, बाकीचे ६ नोड ३.६ व्होल्टच्या लिथियम थायोनिल सेलवर (हे चार्ज होत नाहीत).

नियम सध्या एकच आहे: दोन तास संदेश नाही की इशारा. पण तीन नोड या नियमात नीट बसत नाहीत.

नोड ११ लांबच्या कोपऱ्यात आहे. तीन-चार दिवसांतून एकदा त्याचा इशारा येतो आणि तासाभरात तो आपोआप हजर होतो.

नोड १७ सौर आहे. गेले दहाएक दिवस पहाटे गप्प होतो आणि सकाळी नऊच्या पुढे परत येतो. मागच्या तीन रात्रींचे शेवटचे संदेश असे: ०५:१२ ला ३.३९ व्होल्ट, ०४:१२ ला ३.३८, ०२:४२ ला ३.३९. व्होल्टेज तर रोज तेवढंच दिसतंय, मग बॅटरी उतरतेय असं म्हणायचं की नाही?

नोड ९ थायोनिलवाला. चार दिवस एकही संदेश नाही. शेवटचं व्होल्टेज ३.५८, शेवटचा `f_cnt` ११५२०.

प्रत्येक वेळी शेतात जाऊन खांबावरची पेटी उघडणं परवडत नाही. टेबलात आहे तेवढ्यावरून काय ओळखता येईल?

---

भिजकीमाती

सोपं आहे. `vbat` ३.४ च्या खाली गेलं की इशारा लावा. बॅटरी आधीच कळली की गप्प होण्याची वाट बघावी लागत नाही. नोड ९ ची बॅटरी ३.५८ म्हणजे ठणठणीत आहे, तिथे अँटेनाच सैल झाली असणार.

---

तारायंत्र

३.४ ची रेघ १८६५० ला चालेल, थायोनिलला नाही. १८६५० चं व्होल्टेज ४.२ पासून उतरत येतं, त्यामुळे आकडा पाहून किती उरलंय याचा अंदाज बांधता येतो. थायोनिल सेल मात्र जवळजवळ पूर्ण आयुष्य ३.६ च्या आसपासच राहतो आणि अगदी शेवटी धपकन पडतो. त्यामुळे ३.५८ वरून सेल नवा आहे की संपत आलाय, काहीच कळत नाही. शिवाय बहुतेक नोड व्होल्टेज मोजतात ते रेडिओ चालू व्हायच्या आधी, म्हणजे सेलवर भार नसताना. खरी परीक्षा पुढच्या क्षणी असते. रेडिओ एकदम बराच प्रवाह ओढतो आणि कमजोर सेलचं व्होल्टेज तिथे खाली बसतं. ते टेबलात कधीच येत नाही.

आता तुमचे तिन्ही नोड एकेक करून बघू.

नोड ११ साठी आधी किती संदेश हुकतात ते मोजा. `f_cnt` प्रत्येक संदेशाला एकाने वाढतो, संदेश पोचो वा न पोचो. आठवड्यात काउंटर ३३६ ने पुढे गेला आणि टेबलात २३५ ओळी असतील, तर ३० टक्के हुकले. दोन तासांचा इशारा म्हणजे लागोपाठ चार संदेश गायब. ३० टक्के गळती असलेल्या नोडला हे नुसत्या योगायोगाने साधारण चार दिवसांतून एकदा होणारच, आणि तुमची तक्रारही नेमकी तीच आहे. त्याची मर्यादा तीन तास केलीत, म्हणजे लागोपाठ सहा, तर हेच चाळीसेक दिवसांतून एकदा होईल. बाकीच्या नोडांची गळती ५ टक्क्यांच्या आसपास असेल तर त्यांना दोन तास भरपूर झाले. हा हिशोब गळती विखुरलेली असेल तरच लागू. गेटवेची वीज गेली की फक्त त्याच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या नोडांचे संदेश एकदम हुकतात. तेव्हा एका गेटवेखालचे अर्ध्याहून जास्त नोड एकदम गप्प झाले तर गेटवेचा एकच इशारा काढा, नोडांचे दाबून ठेवा.

मर्यादा हाताने ठरवायची नसेल तर प्रत्येक नोडचं नेहमीचं अंतर टेबलातूनच काढता येतं:

```sql
WITH g AS (
  SELECT node_id,
         received_at - lag(received_at) OVER
           (PARTITION BY node_id ORDER BY received_at) AS gap
  FROM uplinks
  WHERE received_at > now() - interval '14 days'
)
SELECT node_id,
       percentile_disc(0.99) WITHIN GROUP (ORDER BY gap) AS p99
FROM g GROUP BY node_id;
```

`p99` ची दीडपट घ्या, पण दोन तासांपेक्षा कमी नको.

नोड १७ चं व्होल्टेज रोज तेच दिसतं, कारण तो ज्या व्होल्टेजला पडतो तोच आकडा तुम्ही बघताय. ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर असेल तर ३.३९ वर त्याला जेमतेम जागा उरते, आणि रेडिओ चालू झाला की तीही जाते. तुमची बॅटरी किती घसरली ते घड्याळात वाचायचं: ०५:१२, मग ०४:१२, मग ०२:४२. सेल रोज आधी तळ गाठतोय. सकाळी परतताना `f_cnt` पुन्हा ० पासून सुरू होतो का ते बघा. होत असेल तर नोड नुसता हुकलेला नाही, वीज तुटून नव्याने जोडला गेलाय.

---

बांधावरून

माझ्याकडेही असंच आहे. वेळ बरोबर येते, बॅटरी ४.०५, पण ओलावा आठवडाभर ० वर अडकलाय. मर्यादा किती ठेवू?

---

तारायंत्र

@बांधावरून, तुमचा नोड गप्प नाही, बोलतोय. पण त्याचं टोक काही मोजत नाहीये. शेवटच्या संदेशाच्या वेळेवरून हे कधीच सापडणार नाही. पाणी दिल्यावरसुद्धा आकडा हलत नसेल तर आधी वायर आणि कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय का बघा. त्यासाठी वेगळा नियम लागतो: २४ तासांत किंमत अजिबात बदलली नाही तर इशारा.

---

क्षितिज_९

नोड १७ बद्दल एक भर. सेल गेलाय की पॅनेल, हे दुपारच्या आकड्यावरून कळतं. दुपारी चारच्या सुमारास `vbat` ४.१ च्या वर पोचतोय आणि तरीही मध्यरात्रीनंतर बसतोय, तर सेलची साठवण संपली, सेल बदला. दुपारचा आकडाच रोज उतरतोय, तर चार्जिंगच पुरत नाही. मग पॅनेलवरची धूळ, वाढलेल्या पिकाची सावली किंवा पॅनेलची वायर. आणि हो, उन्हातला आकडा चार्जिंगमुळे फुगलेला असतो. दोन दिवसांची तुलना करायची तर सूर्य उगवण्याआधीचे आकडे घ्या, दिवसाची सरासरी नको.

नोड ९ साठी एक प्रश्न: तो ओटीएए आहे की एबीपी, म्हणजे चालू झाल्यावर नेटवर्कशी नव्याने जोडून घेतो की आधीच भरून ठेवलेल्या किल्ल्यांवर चालतो?

---

शिवारफेरी

खूप उपयोग झाला. बघून आलो:

नोड ११ ची गळती २९ टक्के निघाली. त्याचा `p99` दोन तास, बाकीच्यांचा एक तास.

नोड १७ चा `f_cnt` रोज सकाळी ० वरूनच सुरू होतो. दुपारचे आकडे गेल्या पाच दिवसांत ३.९४, ३.८८, ३.८३, ३.७९, ३.७४. म्हणजे चार्जिंग. पण त्या क्वेरीने १७ चा `p99` तीन तास दाखवला. दीडपट केली तर मर्यादा साडेचार तास होते. मग चार तासांची रात्र इशाऱ्याशिवाय निघून जाईल की!

नोड ९ एबीपी आहे. सहाही थायोनिल नोड जुने आहेत, सगळे एबीपी.

---

तारायंत्र

१७ चं तुम्ही बरोबर पकडलंत. चौदा दिवसांत त्याचे सहाशेच्या आसपास संदेश आले, त्यात दहा लांब रात्री. ९९ टक्क्यांची रेघ वरची सहाच अंतरं सोडून देते, त्यामुळे बाकीच्या रात्री तिने "नेहमीचं" म्हणून धरल्या. बिघाड हळूहळू वाढला की असा नियम त्यालाच सरावतो. म्हणून वर तीन तासांची कमाल मर्यादा घाला, आणि `p99` सगळं नीट चालू असलेल्या पंधरवड्यावरून काढून गोठवून ठेवा. रोज नव्याने काढू नका. ओटीएए नोडचा `f_cnt` मागे गेला की वेगळा इशारा ठेवा. १७ बाबत तो पहिल्याच सकाळी वाजला असता.

नोड ९ एबीपी असेल तर तो आत्ताही बोलत असण्याची शक्यता आहे. एबीपी नोड क्षणभर वीज तुटून रीस्टार्ट झाला आणि काउंटर कायमच्या मेमरीत ठेवलेला नसेल, तर तो पुन्हा ० पासून मोजतो. सर्व्हरकडे शेवटचा आकडा ११५२० आहे. त्यापेक्षा लहान काउंटर आला की तो संदेश कुणीतरी पुन्हा पाठवलेला जुना संदेश समजून सर्व्हर टाकून देतो. टेबलात काही पोचतच नाही. दिवसाला ४८ संदेश धरले तर नोड ११५२० च्या पुढे जाऊन आपोआप दिसायला २४० दिवस लागतील.

शेतात जायच्या आधी गेटवेच्या कच्च्या लॉगमध्ये नोड ९ चा `DevAddr` शोधा. दर अर्ध्या तासाला दिसत असेल तर नोड जिवंत आहे, सर्व्हरवर त्याचा काउंटर शून्य करा. काउंटरची तपासणीच बंद करायचा पर्याय असतो, पण मग खरोखर पुन्हा पाठवलेले जुने संदेशही आत येतात.

---

शिवारफेरी

लॉगमध्ये सापडला! दर ३० मिनिटांनी येतोय, काउंटर १९४ वर. सर्व्हरवर शून्य केल्यावर पुढचाच संदेश टेबलात आला, `vbat` ३.५९.

आता रीस्टार्ट का झाला हे कळलं पाहिजे. बाकीचे पाच एबीपी नोड त्याच वयाचे आहेत.

---

भिजकीमाती

मग सेल चांगलाच म्हणायचा ना? ३.५९ आहे.

---

क्षितिज_९

तेवढ्यावरून नाही सांगता येणार. थायोनिल सेल महिनोन्महिने अगदी थोड्या प्रवाहावर राहिला की आत एक थर धरतो. मग एकदम प्रवाह ओढला की व्होल्टेज क्षणभर खाली बसतं, सेल अर्धा भरलेला असला तरी. थंड पहाटे हे जास्त होतं. संपत आलेला सेलही बाहेरून अगदी असाच वागतो, म्हणून कारण कोणतं हे ठामपणे सांगता येत नाही. पेटी उघडाल तेव्हा सेल काढून त्यावर १०० ओहमचा रोध दोन-तीन सेकंद लावा, म्हणजे साधारण ३६ मिलिअँपिअर वाहील, आणि तेव्हाचं व्होल्टेज मीटरवर बघा. तेच एका नव्या सेलवर करून शेजारी लिहा. जुना पहिल्या क्षणी बसून पुन्हा वर येत गेला तर थराचा संशय धरा, खालीच राहिला तर सेल बदला.

फर्मवेअर बदलता येत असेल तर रेडिओ पाठवत असतानाचं व्होल्टेजही मोजून पुढच्या संदेशात पाठवा. भाराशिवायचा आणि भाराखालचा आकडा यांतलं अंतर महिन्यागणिक वाढत गेलं, तर थायोनिलबद्दल आधी कळण्याचा तो एक मार्ग मला माहीत आहे.

---

शिवारफेरी

फर्मवेअरचा सोर्स या जुन्या नोडांचा माझ्याकडे नाही, त्यामुळे भाराखालचा आकडा तूर्त मिळणार नाही. रोध लावून सहाही सेल तपासतो आणि आकडे इथेच टाकतो. तोवर त्या सहांसाठी गेटवेच्या लॉगमधून `DevAddr` ची शेवटची वेळ वेगळ्या टेबलात घेतोय. गेटवेवर दिसतोय आणि `uplinks` मध्ये नाही, असं झालं की काउंटरचा इशारा वाजेल. दोन्हीकडे नाही, तर पेटी उघडायला जायचं.