मृणालच्या लॅपटॉपची चर्चा (सोसायटी ग्रुप, कोथरूड)

मृणाल, बी-404: नवीन लॅपटॉप घ्यायचाय. इलस्ट्रेटर आणि फोटोशॉप, गणपती मंडळांचे बॅनर, पत्रिका वगैरे. टिळक रोडवर एका दुकानात गेमिंग लॅपटॉप गळ्यात मारत होते. ग्राफिक्स कार्ड तगडं, रॅम 16. घेऊ का?

देशपांडे काका, ए-202: आमच्या पुतण्याकडे तसलाच आहे. पंखा फिरला की गिरणी चालू झाल्यासारखं वाटतं.

सचिन, सी-103: थांब गं. आधी आत्ताचा नेमका कुठे अडतोय ते बघ. तुझी सगळ्यात जड फाइल फोटोशॉपमध्ये उघड, खाली स्टेटस बारच्या बाणावर क्लिक करून Efficiency निवड. अर्धा तास काम कर आणि आकडा सांग.

मृणाल: दादा, 100 होता, आता 58 🙈 मंडळाचं पोस्टर आहे, 18 बाय 24 इंच, 300 डीपीआय, सीएमवायके. 30 लेयर.

सचिन: मग रॅम संपतेय. हिशोब बघ: 5400 गुणिले 7200 म्हणजे जवळपास 3 कोटी 89 लाख पिक्सेल. सीएमवायकेत प्रत्येकाला 4 बाइट, म्हणजे पूर्ण भरलेला एक लेयर 155 एमबी. असे 30 झाले की साडेचार जीबी, वर हिस्टरी वेगळी. तुझी रॅम 8, त्यातही विंडोज आणि क्रोमचा वाटा. उरलेलं फोटोशॉप डिस्कवर टाकतं आणि तिथेच रखडतं. त्यावर ग्राफिक्स कार्ड काय करणार? 32 जीबी घे आणि 1 टीबी एनव्हीएमई एसएसडी.

मृणाल: पण इलस्ट्रेटर पण रडतो ना!

सचिन: त्याचं दुखणं वेगळं. तो बरीचशी कामं एकाच कोअरवर करतो, त्यामुळे कोअर किती यापेक्षा एकेक कोअर किती वेगवान हे महत्त्वाचं. Ctrl+Y दाबून बघ. आउटलाइनमध्ये पळत असेल तर सावल्या आणि ब्लर जड झालेत. काम करताना Document Raster Effects Settings 72 वर ठेव, प्रेसला देण्याआधी आठवणीने 300 कर. नाहीतर सावल्या खडबडीत छापून येतात. आमच्या प्रेसवर अशा फाइली रोज येतात.

कुलकर्णी काकू, ए-301: स्क्रीनचं पण सांगा हो. मुलीच्या पत्रिकेचा मरून रंग छापून आला तो चक्क विटकरी.

सचिन: हो काकू, त्यात कागदाचाही हात असतो. पण मृणाल, माहितीपत्रकात 45% एनटीएससी लिहिलं असेल तर तो नकोच, त्यात लाल-केशरी फिके दिसतात. 100% एसआरजीबी माग.

मृणाल: आत्ता दुकानातच आहे. दुसरा एक दाखवतायत, स्क्रीन 100% एसआरजीबी, पण रॅम 16च. म्हणाले, नंतर वाढवता येईल.

सचिन: तोंडी नको. टास्क मॅनेजर, Performance, Memory. Form factor पुढे काय दिसतंय?

मृणाल: Row of chips

सचिन: म्हणजे बोर्डावरच सोल्डर केलेली. Slots used मध्ये रिकामा स्लॉट दिसत असला तरी आधी उघडून दाखवा म्हण. SODIMM लिहिलेला दुसरा बघ.

देशपांडे काका: आणि बिल पक्कं घे.

मृणाल: शेजारच्या दुकानात मिळाला. SODIMM, 1 of 2. अजून एक 16ची पट्टी टाकून मागितलाय, संध्याकाळी देतायत.