मदत हवी आहे: क्रमांकित मालिकेतील मधली पोस्ट एकटी फिरली की अर्थ बदलतो

आकाशदर्शक
अधिक मास का येतो, याचे सविस्तर स्पष्टीकरण मी लिहिले आहे. ते एका पोस्टमध्ये मावत नसल्याने त्याचे तुकडे करून, क्रमांक घालून मालिका टाकली. पहिल्या पोस्टला प्रतिसाद चांगला मिळाला, परंतु लोकांनी नेमकी चौथीच उचलून पुढे पाठवली आणि तिच्याखाली आता ‘आधी पंचांग वाचायला शिका’ असे सुनावले जात आहे. पाचवी कोणी उघडतही नाही. मजकूर कुठे तोडावा, याचा काही नियम आहे का? सुधारित मालिका याच आठवड्यात टाकायची आहे, म्हणून कृपया लवकर सांगावे.

मुद्रितशोधक
हे कोणत्या माध्यमावर घडले? ‘एक्स’ असेल तर खाते विनामूल्य आहे की सशुल्क? आणि चौथी व पाचवी पोस्ट जशीच्या तशी इथे द्या. ती वाचल्याशिवाय दिलेला कोणताही सल्ला हवेतला ठरेल.

बोरीबंदर
तुमची खरी अडचण जागेची आहे. एक्सवर 280 ची मर्यादा असली, तरी देवनागरीचे प्रत्येक अक्षर दोन धरले जाते, म्हणजे आपल्या हाती 140 च उरतात. तेवढ्यात विचार पूर्ण होणार कसा? सगळा मजकूर एका चित्रावर छापून ते चित्र टाकावे, तोडण्याचा प्रश्नच मिटेल.

मुद्रितशोधक
दोन धरण्याचा नियम चिनी, जपानी आणि कोरियन मजकुराला लागू आहे, देवनागरीला नाही. आपली जागा लवकर भरते हे मात्र खरे आहे, कारण मात्रा, अनुस्वार आणि हलन्ताचे चिन्ह वेगवेगळे मोजले जातात. ‘ज्येष्ठ’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो, पण मोजणीत तो 7 भरतो. चित्राचा मार्ग मी सुचवणार नाही. चित्रातील वाक्य शोधात सापडत नाही, आणि सोबत पर्यायी मजकूर दिला नाही तर दृष्टिहीन वाचकांपर्यंत ते पोहोचतच नाही.

आकाशदर्शक
एक्सवरच टाकली होती, खाते विनामूल्य आहे. मजकूर असा होता:
‘4/8 त्यामुळे दर तीन वर्षांनी पंचांगात एक महिना वाढवतात आणि हिशोब जुळतो.’
‘5/8 पण हे इतके सोपे नाही. तीन वर्षांचा असा नियम नसून अधिक मास सूर्याच्या राशीवरून ठरतो.’

तुळशीवृंदावन
अधिक मासात विवाह, मुंज, वास्तुशांत टाळतात आणि जावयाला अनारशांचे वाण देतात, हे मालिकेत अवश्य घालावे. लोक तेच शोधत असतात.

मुद्रितशोधक
वाणाचा विषय स्वतंत्र मालिकेचा आहे. येथे प्रश्न तोडणीचा आहे आणि दोष आता स्पष्ट दिसतो. आपण ढोबळ विधान चौथ्या पोस्टमध्ये ठेवले आणि त्याची दुरुस्ती पाचवीत. सलग लेखात हे चालते, कारण वाचकाची नजर पुढच्या ओळीवर जातेच. मालिकेत मात्र कोणतीही पोस्ट सुटी उचलली जाऊ शकते, म्हणून विधान आणि त्याची मर्यादा एकाच पोस्टमध्ये राहिली पाहिजे. दुसरा दोष ‘त्यामुळे’ या आरंभाचा. कशामुळे, हे तिसरी पोस्ट न वाचलेल्याला कळण्याचा मार्गच नाही. सर्वनामाने किंवा ‘पण’, ‘म्हणून’ अशा शब्दाने सुरू होणारी पोस्ट बहुधा आधीच्या पोस्टवर टेकलेली असते. मी चौथी पोस्ट अशी लिहीन:

‘4/8 बारा चांद्रमासांचे वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असते. हा फरक साठत जाऊन सरासरी पावणेतीन वर्षांत एका महिन्याएवढा होतो आणि पंचांगात अधिक मास येतो. तो कधी श्रावणात, तर कधी आश्विनात का येतो?’

ही पोस्ट 280 च्या आत बसते. एकटी फिरली तरी तिच्यात चुकीचे काही नाही, आणि शेवटचा प्रश्न वाचकाच्या मनात आपोआप उठणाराच आहे.

करसल्लागार
मी जुन्या आणि नव्या करप्रणालीवर अशा मालिका लिहितो. माझा अनुभव असा आहे की प्रत्येक पोस्टच्या शेवटी प्रश्न आणि खाली बोट दाखवणारे चिन्ह दिले नाही, तर लोक पुढे जात नाहीत. ‘तुम्हाला वाटते तसे मुळीच नाही’ एवढे लिहून पोस्ट संपवली की पुढची उघडली जाते.

गणितशिक्षिका
याला माझा ठाम विरोध आहे. ‘तुम्हाला वाटते तसे नाही’ हे वाक्य वाचकाला काहीच देत नाही, आणि तशी पोस्ट सुटी फिरली तर तिचा उपयोग शून्य. आधी एक गोष्ट पूर्ण सांगावी आणि त्या गोष्टीतूनच पुढचे ‘का’ निघावे. मुद्रितशोधकांच्या मसुद्यात नेमके हेच झाले आहे. प्रत्येक पोस्ट प्रश्नाने संपवण्याचीही गरज नाही. ओळीने आठ प्रश्न आले की वाचक कंटाळतो.

आकाशदर्शक
चौथी समजली. पाचवी मी आता अशी लिहिली आहे:
‘5/8 अमावास्येपासून अमावास्येपर्यंत सूर्याने राशी बदललीच नाही, तर तो चांद्रमास अधिक ठरतो. 2023 मध्ये 17 जुलै आणि 16 ऑगस्ट या दोन्ही अमावास्यांना सूर्य कर्केतच होता. सिंह संक्रांत 17 ऑगस्टला झाली, म्हणून श्रावण अधिक झाला.’
येथे प्रश्न घातलेला नाही. चालेल का?

गणितशिक्षिका
उत्तम आहे. तारखा दिल्यामुळे कोणालाही दिनदर्शिका उघडून पडताळा घेता येईल. पुढची ओढ हवीच असेल, तर सहावी पोस्ट वेगाच्या मुद्द्यावर ठेवावी. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असते आणि सूर्य मिथुन राशीत 31 दिवसांहून अधिक काळ रेंगाळतो, तर हिवाळ्यात धनु राशी तो साडेएकोणतीस दिवसांच्या आतच ओलांडतो. चांद्रमास साधारण साडेएकोणतीस दिवसांचा असल्यामुळे पूर्ण महिना एकाच राशीत बसण्याची संधी उन्हाळा-पावसाळ्यात जास्त मिळते. पाचवीच्या शेवटी ‘असे पौषात जवळजवळ घडतच नाही’ एवढे वाक्य पुरे. ते खरेही आहे आणि कारण विचारायलाही लावते.

बोरीबंदर
मर्यादेबाबतची दुरुस्ती मान्य आहे. पण एकूण संख्या आधीच का जाहीर करावी? ‘4/8’ लिहिले आणि मालिका टाकल्यावर नववी पोस्ट सुचली, तर विनामूल्य खात्यावरून आधीच्या पोस्ट दुरुस्त करता येत नाहीत. फक्त ‘4/’ लिहावे आणि शेवटच्या पोस्टवर पूर्ण आकडा द्यावा.

मुद्रितशोधक
मी उलट मताचा आहे. अधिक चिन्हाचे बटण वापरून सगळ्या पोस्ट आधी एकाखाली एक लिहाव्यात आणि एकदम पाठवाव्यात, म्हणजे संख्या बदलण्याची वेळच येत नाही. शिवाय ‘4/8’ पाहणाऱ्याला आधी तीन आणि नंतर चार पोस्ट आहेत, हे लगेच कळते. सुट्या पोस्टपासून मूळ मालिकेकडे नेणारी तीच सर्वांत लहान खूण आहे.

करसल्लागार
एकदम पाठवली तरी वाचकांच्या शंकांनुसार पुरवणी जोडावीच लागते. माझ्या मालिकांत तर नेहमीच लागते. तेव्हा काय करावे?

आकाशदर्शक
तोच प्रश्न माझ्यापुढेही येणार आहे, कारण क्षयमासाविषयी, म्हणजे पंचांगातून गळणाऱ्या महिन्याविषयी, कोणीतरी विचारणारच. तूर्त आठ पोस्ट एकदम पाठवतो आणि क्षयमासाची पोस्ट क्रमांकाशिवाय आठवीला जोडतो. जुनी चौथी पोस्ट काढून टाकावी, की तिच्याखाली दुरुस्ती लिहून तशीच ठेवावी, हे मात्र अजून ठरत नाही. काढली तर जुन्या मालिकेत मधेच खंड पडेल.