अभिप्राय छाटताना ग्राहकाचे म्हणणे कुठे बदलते?

मजकूरवाली: आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरबद्दल ग्राहकांनी पाठवलेले 40 लांबलचक अभिप्राय माझ्याकडे आहेत आणि प्रत्येकाचे एक-दोन ओळींचे अवतरण करायचे आहे. स्वतःचा एकही शब्द घालायचा नाही, फक्त वगळायचे, एवढा नियम पाळला तर पुरेसे आहे का? नमुना देते.

मूळ: “पहिले दोन महिने जुनी माहिती नव्या पद्धतीत आणताना आम्ही मेटाकुटीला आलो होतो, पण तुमच्या माणसांनी ते काम तडीस नेले. आता महिनाअखेरचा ताळमेळ, ज्याला पूर्वी तीन दिवस लागायचे, तो साधारण एका दिवसात होतो. अर्थात आमची शाखा एकच आहे. पुढे दुसरी शाखा उघडली की तिथेही हेच वापरू असे वाटते.”

छाटलेले: “महिनाअखेरचा ताळमेळ, ज्याला पूर्वी तीन दिवस लागायचे, तो एका दिवसात होतो. दुसरी शाखा उघडली की तिथेही हेच वापरू.”

जाहिरातकार: माझ्या मते पुरेसे आहे. अभिप्राय निवडून आणि कापून छापतात हे वाचणाऱ्याला ठाऊक असते. शिवाय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये, एका मासिकाने मुलाखतीतील विधाने बदलून छापल्याच्या खटल्यात, शब्द जाणूनबुजून बदलले एवढ्यानेच दोष सिद्ध होत नाही, अर्थामध्ये मोठा फरक पडला पाहिजे, असे म्हटले आहे. तुम्ही तर शब्द बदललेलेही नाहीत. निर्धास्तपणे छापा.

जुनी संपादक: तो निकाल मानहानीच्या दाव्यातील आहे. बोलणाऱ्याची बदनामी झाली का, हा तिथला प्रश्न होता. वाचणारा ग्राहक फसला का, हा नव्हता. जाहिरातीतील अभिप्रायांबाबत त्याच देशाच्या व्यापार आयोगाची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. शब्द जसेच्या तसे असलेच पाहिजेत असे तीही म्हणत नाहीत, मात्र संदर्भ तोडून किंवा शब्द फिरवून ग्राहकाचे मत वा अनुभव विकृत करता येणार नाही, असे त्यांत स्पष्ट आहे. आणि अवतरणचिन्हे घातली की हे त्याचेच शब्द आहेत असा दावा आपण आपणहून करतो.

आता नमुन्याकडे येते. तुम्ही एकही शब्द घातलेला नाही, तरीही तीन ठिकाणी ग्राहकाचे म्हणणे बदलले आहे. “साधारण” गेल्यामुळे अंदाजाचे मोजमाप झाले. “शाखा एकच आहे” ही अट गेल्यामुळे पाच शाखांचा मालकही स्वतःचा ताळमेळ एका दिवसात होईल असे धरून चालेल. ग्राहकाने “अर्थात” म्हणून ती अट मुद्दाम घातली होती. आणि “असे वाटते” गेल्यामुळे मनातला विचार ठाम निर्णय झाला. बहुतेक गडबड अशा लहान शब्दांतच होते, कारण घाईत छाटणाऱ्याला तेच सर्वांत आधी फालतू वाटतात. ‘साधारण’, ‘बहुधा’, ‘आमच्यापुरते’, ‘आतापर्यंत’, ‘वाटते’ यांना कात्री लावण्यापूर्वी थांबावे.

मी असे छापले असते: “महिनाअखेरचा ताळमेळ, ज्याला पूर्वी तीन दिवस लागायचे, तो साधारण एका दिवसात होतो, अर्थात आमची शाखा एकच आहे.” दुसऱ्या शाखेचे वाक्य पूर्ण सोडून दिले. अर्धवट ठेवण्यापेक्षा अख्खे वाक्य गाळणे केव्हाही सुरक्षित, आणि हे अवतरण तुमच्यापेक्षा लांबही नाही.

शुद्धलेखनप्रेमी: मुद्दा योग्य आहे, परंतु ग्राहक ऱ्हस्व-दीर्घाच्या इतक्या चुका करतात की छापायची लाज वाटते. त्या सुधारल्या तर तोही बदलच म्हणायचा का?

जुनी संपादक: प्रश्न छाटण्याचा होता, तरी सांगते. ऱ्हस्व-दीर्घ खुशाल सुधारा. बोलीतले “लई सोपं” मात्र “अत्यंत सुलभ” करू नका.

एक ग्राहक: मी अभिप्राय देणाऱ्यांपैकी आहे. एका दुरुस्ती सेवेबद्दल मी लिहिले होते, “काम झकास केले, वेळ मात्र सांगितल्यापेक्षा दुप्पट लागला.” छापताना त्यांनी माझ्या नावासह “काम झकास केले” एवढेच ठेवले. ते वाचून ओळखीच्या एकाने निकडीचे काम तिथे दिले, ते रखडले, आणि बोलणी मी खाल्ली. माझे तीनही शब्द खरे होते, पण मी तेवढेच म्हणालो नव्हतो. अवतरणाखाली नाव आमचे असते, हे कापणाऱ्याने लक्षात ठेवावे.

जाहिरातकार: “साधारण” आणि शाखेची अट मला पटली. पण मग ‘मात्र’ आणि ‘पण’ यांच्या दोन्ही बाजू प्रत्येक वेळी छापायच्या का? वरच्या नमुन्यात संपादकबाईंनीही मेटाकुटीचे दोन महिने गाळलेच आहेत. ते चालते, आणि दुरुस्तीतला विलंब गाळलेला चालत नाही, हे कसे?

जुनी संपादक: रास्त प्रश्न आहे. मराठी वाक्यात ‘पण’नंतर येते त्यावर बहुधा बोलणाऱ्याचा भर असतो. हिशेबवाल्या ग्राहकाची तक्रार ‘पण’च्या आधी आहे, तिचे निवारण झाले आहे आणि त्याचा कल पसंतीकडे आहे. दुरुस्तीच्या अभिप्रायात विलंब ‘मात्र’ घेऊन शेवटी येतो, म्हणजे तो सांगण्यासाठीच वाक्य लिहिलेले आहे. तरीही मी गाळले ते या एका अवतरणापुरते. सगळ्या संग्रहात तसे करता येईल असे मी म्हणणार नाही. अवतरण एकेकटे खरे असते आणि 40 एकत्र वाचल्यावर चित्र खोटे उमटते, हा धोका मला शब्द गाळण्यापेक्षा मोठा वाटतो.

त्यासाठी तक्त्यात तीन रकाने करावेत: मूळ, छाटलेले आणि गाळलेले. मग पहिले दोन झाकून गाळलेल्याचा रकाना वरपासून खालपर्यंत सलग वाचावा. तिथे निरनिराळा पाल्हाळ, आभार आणि पुनरुक्ती दिसली तर छाटणी ठीक आहे. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली, तर ती गोष्ट ग्राहक सांगत आहेत आणि तुम्ही पुसत आहात.

मजकूरवाली: तो रकाना भरून वाचला. 40 पैकी 11 जणांनी सुरुवातीला माहिती स्थलांतरित करताना झालेला त्रास लिहिला आहे, आणि माझ्या छाटलेल्या संग्रहात त्याचा उल्लेख एकदाही नव्हता. निदान तीन अवतरणांत तो ठेवावा असे मी सुचवले, उदाहरणार्थ “पहिले दोन महिने … आम्ही मेटाकुटीला आलो होतो, पण तुमच्या माणसांनी ते काम तडीस नेले.” टिंबांच्या जागी त्रासाचे कारण होते. विक्री विभागाचे म्हणणे असे की, प्रत्येक ग्राहकाकडून छाटलेल्या मजकुराला लेखी संमती घेतली की विषय संपतो.

जाहिरातकार: मीही तेच म्हणेन. ज्याचे शब्द, त्याची संमती. मग हरकत घेणारे आपण कोण?

जुनी संपादक: संमती घ्याच, आणि ती मागताना गाळलेला भागही सोबत पाठवा, नाहीतर स्वतःचे मूळ वाक्य आठवत नसलेला ग्राहक न वाचताच ‘ठीक आहे’ म्हणून मोकळा होतो. परंतु संमतीने त्याची तक्रार मिटते. इतर दहा जणांनी काय लिहिले होते ते त्याला ठाऊकच नसते, त्यामुळे संग्रहाच्या चित्राला तो संमती देऊच शकत नाही. आणखी एक: टिंबांतले ते कारण परत घाला. माहिती आणताना मेटाकुटीला येणे आणि नुसते मेटाकुटीला येणे यांत सॉफ्टवेअरला दुसरेच जास्त जड जाईल.

जाहिरातकार: कारण परत घालणे मान्य. तीन अवतरणांत त्रास दाखवणे मात्र मला अजूनही जास्त वाटते, एकात पुरे.

एक ग्राहक: 11 जणांनी लिहिले असताना एकात?