शब्दचर्चा : 'चौथा थर' म्हणजे नेमका कोणता?

पानगळ

नेटवर्किंग शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने विद्यार्थ्यांना लिहिलेल्या पत्राचा मी मराठी अनुवाद करत आहे. वापरात चार थर असताना सात थरांचे प्रारूप अजून का शिकवले जाते, या त्यांच्या प्रश्नाला हे पत्र उत्तर देते. अडलेला भाग असा :

"इंटरनेटच्या प्रोटोकॉलांची मांडणी चार थरांची आहे. १९८९ च्या आरएफसी ११२२ मध्ये लिंक, इंटरनेट, ट्रान्सपोर्ट आणि ॲप्लिकेशन एवढेच थर सांगितले आहेत. सात थरांचे ओएसआय प्रारूप १९८४ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले, पण त्याच्या जोडीने आलेले बहुतेक प्रोटोकॉल मागे पडले. तरीही मी सात थर शिकवते, कारण उद्या कामावर 'लोड बॅलन्सर चौथ्या थरावर ठेवायचा की सातव्या' असे कोणी विचारले, तर ते आकडे ओएसआयचेच असतील. चौथ्या थरावरच्या लोड बॅलन्सरला विनंती कोणत्या पानासाठी आहे हे कळत नाही."

कच्चा मसुदा वाचून एका विद्यार्थ्याने शेवटच्या वाक्यावर बोट ठेवले. त्याचे म्हणणे असे की, वरच्या यादीत चौथा थर ॲप्लिकेशनचा आहे आणि पान नेमके त्यालाच कळते, म्हणजे वाक्याचा अर्थ उलटा झाला. मूळ पत्रात नुसते 'लेअर ४' आहे. मी काय लिहावे? आणि 'थर' ठेवावा की 'स्तर'?

शब्दनिष्ठ

'स्तर'च लिहावे. थर धुळीचा किंवा रंगाचा असतो, म्हणजे एकावर एक साचलेल्या वस्तूचा. इथे कार्यांची विभागणी आहे, तिला तत्सम शब्दच शोभतो. विद्यार्थ्याची हरकत मात्र मला योग्य वाटते. 'चौथा' म्हटले की वाचक मोजू लागतो आणि हाताशी असलेली यादीच मोजतो.

तारायंत्री

विद्यार्थ्याने बरोबर मोजले, पण हा आकडा मोजण्यासाठी नाही. तो ओएसआयचा आहे, आणि तिथे ४ म्हणजे ट्रान्सपोर्ट आणि ७ म्हणजे ॲप्लिकेशन. शिक्षिकेचे वाक्य खरे आहे, ते कसे ते सांगतो.

एकाच संकेतस्थळावर `/photos` आणि `/pay` असे दोन विभाग आहेत आणि दोन्हींसाठी वेगवेगळे सर्व्हर आहेत, असे समजा. दोन्हीकडची रहदारी ४४३ याच पोर्टवर येते. लेअर ४ चा लोड बॅलन्सर जोडणी सुरू होतानाच आयपी पत्ते आणि पोर्ट पाहून एक सर्व्हर निवडतो आणि त्या जोडणीची सगळी पॅकेट तिकडेच पाठवतो. `/pay` ही अक्षरे त्यानंतर येतात आणि तीही कूटबद्ध असतात. ती वाचायची तर मधल्या यंत्राने स्वतःच टीसीपी जोडणी पूर्ण करून, प्रमाणपत्र आणि त्याची खासगी किल्ली जवळ बाळगून मजकूर उलगडला पाहिजे. हे काम लेअर ७ चा लोड बॅलन्सर करतो.

बिघाड होतो तेव्हा हा फरक फार महाग पडतो. सर्व्हर सुस्थितीत आहे का हे लेअर ४ ची तपासणी टीसीपी जोडणी होते की नाही एवढ्यावरून ठरवते, आणि जोडणीला होकार ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा देतो, ॲप्लिकेशन नव्हे. त्यामुळे डेटाबेस बंद पडून ॲप्लिकेशन प्रत्येकाला `503 Service Unavailable` असे उत्तर देत असले तरी लोड बॅलन्सर त्या सर्व्हरला निरोगी समजतो आणि लोकांना तिकडेच पाठवत राहतो. सगळे दिवे हिरवे आणि वापरणाऱ्यांच्या तक्रारी मात्र चालू, असे दिसले की तपासणी कोणत्या लेअरवर लावली आहे ते आधी पाहावे. ज्याने 'लेअर ४' चा अर्थ ॲप्लिकेशन असा घेतला आहे, त्याला हा दोष सापडणार नाही, कारण त्याच्या समजुतीप्रमाणे ॲप्लिकेशन तपासले गेलेलेच असते.

वाटसरू

मग आकडेच काढून टाका आणि 'ट्रान्सपोर्ट थर', 'ॲप्लिकेशन थर' अशी नावे लिहा. ओएसआय कागदावरच राहिले, त्यातले काहीही चालत नाही, तर त्याचे आकडे तरी आपण का वाहावेत?

तारायंत्री

नावे लिहिण्याची सूचना चांगली आहे. 'काहीही चालत नाही' हे मात्र खरे नाही. मोठ्या सेवापुरवठादारांच्या जाळ्यांत आयएस-आयएस हा ओएसआय घराण्यातला राउटिंग प्रोटोकॉल आजही चालतो, आणि त्याची पॅकेट आयपीवर स्वार न होता थेट लेअर २ वरून जातात. ब्राउझर तपासतो त्या प्रमाणपत्राचा एक्स.५०९ हा साचाही त्याच काळातल्या मानकांमधून आला आहे. शिवाय पत्राचा विषयच हे आकडे आहेत. अनुवादातून ते गेले, तर शिक्षिकेचे कारणच वाचकापर्यंत पोहोचणार नाही.

जोडणीकार

मी केबल आणि स्विचची कामे करतो, त्यामुळे मला सात थर हवेतच, निदान खालचे दोन तरी. मागे एका ठिकाणी एकाच स्विचला लावलेले दोन संगणक एकमेकांना सापडत नव्हते. दोन्हीकडे पोर्टचा दिवा लागलेला होता, पण `ip neigh` दुसऱ्या संगणकासमोर `FAILED` दाखवत होते. दोन पोर्ट वेगवेगळ्या व्हीलॅनमध्ये टाकलेले निघाले. मी नोंदवहीत 'लेअर १ ठीक, लेअर २ मध्ये दोष' असे लिहिले आणि पुढच्या माणसाने केबलला हात न लावता थेट स्विचची मांडणी उघडली. चार थरांच्या भाषेत या दोन्ही गोष्टी 'लिंक' या एका शब्दात जातात आणि नवी केबल ओढावी की मांडणी बदलावी, हे त्या शब्दातून कळत नाही.

स्वरमेळ

मला यातले तंत्र फारसे कळत नाही, पण शब्द ओळखीचा वाटला. भूप रागात सा, रे, ग, प, ध एवढेच स्वर लागतात. मोजले तर 'प' चौथा येतो, तरी त्याला कोणी चतुर्थ म्हणत नाही. तो पंचमच राहतो, कारण ते नाव सात स्वरांच्या सप्तकातून आले आहे. 'लेअर ७' तसेच दिसते. म्हणून 'सातवा थर' असे क्रमवाचक रूप टाळून 'थर ७' असे नाव करावे. मराठीत 'चौथी खोली' आणि 'खोली क्रमांक ४' या एकच खोली असतील असे नाही.

पानगळ

हे मला पटले. मूळ पत्रात क्रमवाचक रूप नव्हतेच, ते मी आणले होते.

शब्दनिष्ठ

रूपाबद्दल सहमत आहे. 'थर' अजूनही खटकतो.

वाटसरू

'थर' हा 'स्तर'चाच प्राकृतातून आलेला वंशज आहे, तेव्हा शुद्धतेच्या नावाखाली नातवाला बाहेर काढून आजोबांना आत घेण्यात काय मिळते? आणि 'स्तर' म्हटले की मला 'शैक्षणिक स्तर', 'उच्च स्तर' ऐकू येते. त्यात दर्जाचा भाव येतो, तो इथे मुळीच नको.

शब्दनिष्ठ

दर्जा नसला तरी वर-खाली आहेच. वरचा खालच्याकडून सेवा घेतो.

अक्षरओळ

प्रेझेंटेशन लेअरला 'सादरीकरण थर' म्हणतात ते बरोबर आहे का? आमच्याकडे एकाने त्यात पडद्यावरची रंगसंगती शिकवली.

तारायंत्री

तो घोटाळा 'सादरीकरण' या शब्दामुळेच होतो. त्या थराचा संबंध पडद्याशी नाही. दोन यंत्रांनी माहिती कोणत्या रूपात लिहायची याच्याशी आहे. 'रूपांकन' चालेल असे मला वाटते. पण सात थरांची पकड सुटते तीही याच भागात. टीएलएस घ्या : ते टीसीपीच्या वर आणि एचटीटीपीच्या खाली बसते, म्हणून कोणी त्याला ५ म्हणतात, कोणी ६. क्विक प्रोटोकॉलने तर ट्रान्सपोर्टचे काम आणि टीएलएसची बोलणी एकत्रच गुंफली आहेत.

जोडणीकार

टीएलएस ६ मध्येच. कूटबद्ध करणे म्हणजे रूप बदलणेच झाले.

तारायंत्री

मग एकदा जुळलेली ओळख पुढच्या जोडणीत पुन्हा वापरण्याची त्याची सोय कुठे ठेवाल? ते सरळसरळ सत्राचे, म्हणजे ५ चे काम आहे.

स्वरमेळ

'सत्र' हा तरी त्या थरासाठी योग्य शब्द आहे का? सत्र म्हटले की मला परीक्षाच आठवते.