'० ते २ वर्षे अनुभव' असे लिहिलेली सायबर सुरक्षेची जागा खरोखर नवख्यांसाठी असते का?

नाशिकची विद्यार्थिनी: बी.एस्सी. संगणकशास्त्र नुकतेच पूर्ण झाले आहे. पुण्यातील एका कंपनीची 'एसओसी अ‍ॅनालिस्ट एल-१, अनुभव ० ते २ वर्षे' अशी, म्हणजे सुरक्षा निरीक्षण केंद्रातील पहिल्या पातळीच्या विश्लेषकाची, जाहिरात पाहिली. परंतु कामाच्या यादीत अलर्टचे नियम लिहिणे, थ्रेट हंटिंग, म्हणजे लपलेल्या हल्लेखोरांचा शोध, आणि घटना हाताळणीचे नेतृत्व आहे. शिवाय सीआयएसएसपी या सुरक्षा प्रमाणपत्राबद्दल 'असल्यास प्राधान्य' असेही म्हटले आहे. मी अर्ज करावा का?

रात्रपाळी: माझ्या मते करू नये. एल-१ चे खरे काम मर्यादित असते आणि म्हणूनच ते नवख्या माणसाला देता येते. समजा, एकाच आयपी पत्त्यावरून वेगवेगळ्या वीस खात्यांवर काही मिनिटांत विंडोजच्या 4625, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या नोंदी आल्या. एल-१ ने एवढेच पाहायचे असते की त्यानंतर त्याच पत्त्यावरून 4624, म्हणजे यशस्वी लॉगिनची नोंद आहे का. याउलट सगळ्या नोंदी एकाच सर्व्हिस खात्याच्या असतील, तर पासवर्ड बदलल्यावर जुनाच पासवर्ड कुठे राहून गेला आहे का, हे तपासायचे. जे आढळेल ते तिकिटात नीट लिहून वरच्या पातळीच्या एल-२ कडे पाठवायचे. पायऱ्या रनबुकमध्ये, म्हणजे ठरलेल्या कृतींच्या पुस्तिकेत, लिहिलेल्या असतात. हा अलर्ट कोणत्या संख्येला वाजावा हे ठरवणे मात्र वेगळे काम आहे, कारण त्या कंपनीत रोजचे सामान्य वर्तन कसे असते हे माहीत असल्याशिवाय ते जमत नाही. तुम्ही दिलेल्या जाहिरातीत दोन्ही कामे एकाच माणसावर टाकली आहेत. सीआयएसएसपीसाठी तर पाच वर्षांचा सशुल्क अनुभव लागतो आणि पदवीमुळे त्यातले फार तर एक वर्ष कमी होते.

कोकणस्थ नेटवर्कवाला: सायबर सुरक्षेत नवख्यांसाठी जागा नसतातच, हे एकदा स्पष्ट सांगायला हवे. आधी दोन वर्षे हेल्पडेस्क किंवा नेटवर्कचे काम करावे आणि मग इकडे वळावे. शिवाय सीआयएसएसपीची परीक्षा अनुभवाशिवायही देता येते, त्यामुळे तो मुद्दा गैरलागू आहे.

रात्रपाळी: परीक्षा देता येते, हे खरे आहे, परंतु अनुभव नसताना उत्तीर्ण झाल्यास फक्त 'असोसिएट' म्हणवून घेता येते आणि अनुभव पूर्ण करण्यासाठी सहा वर्षे मिळतात. हेल्पडेस्कच्या अनुभवाचा उपयोग होतो, हेही मान्य आहे. मात्र 'जागा नसतातच' हे मान्य नाही. जिथे चोवीस तास पाळ्या चालतात तिथे एल-१ ची माणसे सतत लागतात आणि सतत सोडूनही जातात. म्हणून जाहिरातीत पाळ्यांचा आणि वरच्या एल-२ चा स्पष्ट उल्लेख असेल, तर ती जागा बहुधा खरी असते.

ऑडिटवाली: सगळेजण एसओसीबद्दलच का बोलत आहेत? मी वाणिज्य शाखेची आहे आणि आयएसओ २७००१ या माहिती सुरक्षा मानकाच्या ऑडिटसाठी पुरावे गोळा करण्याच्या कामातून या क्षेत्रात आले. कोणाचा प्रवेशाधिकार कधी काढला, त्याची मंजुरी कुठे आहे, असे विचारत फिरणे एवढेच सुरुवातीचे काम होते. ते कंटाळवाणे असले तरी कंपनीचे कामकाज आतून कसे चालते, हे मला त्यातूनच कळले. मी तर सुचवेन की या मुलीने आधी सिक्युरिटी प्लस हे सुरुवातीचे प्रमाणपत्र करावे.

कोकणस्थ नेटवर्कवाला: प्रश्न प्रमाणपत्राचा नव्हता, या जाहिरातीचा होता.

भरतीत बसणारा: मी तांत्रिक मुलाखती घेतो आणि 'अर्ज करू नये' या सल्ल्याशी पूर्णपणे असहमत आहे. अशा याद्या पुष्कळदा जुन्या, वरिष्ठ पदाच्या जाहिरातीतून उचललेल्या असतात; वरचा अनुभवाचा आकडा बदलतो आणि खालचा मजकूर तसाच राहतो. ज्याला हवी ती माणसे मिळत नाहीत, तो व्यवस्थापक 4625 आणि 4624 मधला संबंध नीट समजावून सांगणाऱ्या नवख्यालाही घेतो. उमेदवाराने स्वतःहून मागे का हटावे?

रात्रपाळी: कारण निवड होणे हाच धोका असू शकतो. ज्या ठिकाणी वर एल-२ नाही आणि रनबुकही नाही, तिथे पहाटे तीन वाजता एखादा सर्व्हर नेटवर्कपासून तोडायचा की नाही, हे त्या नवख्यालाच ठरवावे लागते. सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्या संस्थेला कळवावी लागते. तो निर्णयही आपलाच, हे त्याला ठाऊक नसते.

भरतीत बसणारा: ती शंका योग्य आहे, पण तिचे उत्तर जाहिरात वाचून मिळणार नाही. अर्ज करावा आणि मुलाखतीत विचारावे की पाळीत एकूण किती माणसे असतात, अलर्ट कोणाकडे पाठवायचा आणि नियम सध्या कोण लिहिते. 'तुम्हीच सगळे उभे कराल' असे उत्तर आले, तर नकार देता येतो.

रात्रपाळी: पहिली नोकरी शोधणाऱ्याला हातात आलेले नियुक्तिपत्र नाकारणे इतके सोपे असते, असे मला वाटत नाही.

नाशिकची विद्यार्थिनी: त्याच जाहिरातीत 'थेट सीटीओंना अहवाल' असे लिहिलेले आता दिसले. पाळ्यांचा उल्लेख कुठेच नाही. तरीही अर्ज पाठवून हे तीन प्रश्न विचारणार आहे.